स्टार-डेल्टा असूनही मोटर उठत नाही: १०० एचपीच्या उपसा पंपाचे एक प्रकरण

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठाने सहकारी उपसा सिंचनाचे पंप ओळीने दिसतात. नदीत पाणी घेणारी विहीर म्हणजे जॅकवेल, काठावर डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि वर माळापर्यंत गेलेली दोन-तीन किलोमीटरची पाइपलाइन, अशी त्यांची मांडणी असते. अशाच एका प्रातिनिधिक योजनेवर मोटर चालू करण्याच्या तिन्ही पद्धती, डायरेक्ट ऑनलाइन, स्टार-डेल्टा आणि ऑटोट्रान्सफॉर्मर, इथे तपासल्या आहेत. सध्या तिथे स्टार-डेल्टा स्टार्टर आहे. तक्रार नेहमीची आहे: रात्री वीज गेली, सकाळी आली, ऑपरेटरने हिरवे बटण दाबले. मोटर गुरगुरली, अर्ध्या-पाऊण वेगावर घुटमळली, टायमरने तिला स्टारमधून डेल्टात टाकले, मोठा दणका बसला आणि मुख्य ब्रेकर, म्हणजे एमसीसीबी, ट्रिप झाला. टायमरची वेळ वाढवली तरी तेच झाले. दुपारी मात्र चालता पंप बंद करून पाच मिनिटांनी चालू केला तर तो विनातक्रार उचलला. बिघाड कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, इथेच कारण सापडते.

मांडणी

मोटर ७५ किलोवॅटची (१०० एचपी), ४१५ व्होल्टची, १४८० फेऱ्यांची आहे. पूर्ण भाराचा प्रवाह १३० अँपिअर. रोटर थांबलेला असताना पूर्ण व्होल्टेजवर ती सहापट, म्हणजे ७८० अँपिअर ओढते. त्या क्षणी तिचा टॉर्क पूर्ण भाराच्या १६० टक्के असतो. वेग वाढत ९३ टक्क्यांच्या आसपास आला की टॉर्क २५० टक्क्यांच्या शिखरावर जातो आणि तिथून उतरतो.

डीपी २०० केव्हीएचा, ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट, इम्पीडन्स साडेचार टक्के. डीपीपासून पंपहाऊसपर्यंत २५० मीटर लांब, १८५ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल. डीपीच्या मागे ११ केव्हीची लांब ग्रामीण लाइन असल्याने दिवसा भार नसतानाही डीपीवर ४०० व्होल्टच मिळतात, रात्री ४३३ पर्यंत.

पंप सेंट्रिफ्यूगल आहे, सेकंदाला ९० लिटर, एकूण हेड ६० मीटर. त्यातले ४२ मीटर ही निव्वळ उंची, उरलेले १८ मीटर ३०० मिलिमीटर व्यासाच्या तीन किलोमीटर पाइपातले घर्षण. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना हा पंप ७२ मीटर हेड तयार करतो आणि त्या अवस्थेत पूर्ण वेगाला मोटरच्या ४५ टक्के टॉर्क मागतो. नेहमीच्या प्रवाहाला ८८ टक्के मागतो.

प्रवाह इतका का चढतो

थांबलेली इंडक्शन मोटर म्हणजे सेकंडरी शॉर्ट केलेला ट्रान्सफॉर्मर. रोटरच्या सळ्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या असतात आणि स्टेटरचे फिरते क्षेत्र त्यांना पूर्ण वेगाने कापते. रोटर वेग धरेल तसा हा सापेक्ष वेग, म्हणजे स्लिप, कमी होतो आणि प्रवाह उतरतो. मात्र तो वेगाच्या प्रमाणात सरळ उतरत नाही. ८० टक्के वेगाला पोहोचलेली मोटरही सुरुवातीच्या प्रवाहाच्या सुमारे ८०-८५ टक्के ओढत असते. खरी घसरण शेवटच्या १०-१५ टक्के वेगात होते. वरच्या तक्रारीचे अर्धे उत्तर या एका गोष्टीत आहे.

बटण दाबल्यावर पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये याहून मोठे टोक येते, ते दोन-चार सायकलींत विरते. एमसीसीबीच्या मॅग्नेटिक ट्रिपला ते दिसते, व्होल्टेज पाडणारा खरा भार मात्र त्यानंतर सेकंदभर किंवा अधिक काळ टिकणारा सहापट प्रवाह असतो.

तिन्ही पद्धतींचा पाया एकच. मोटरच्या वायंडिंगवरचे व्होल्टेज कमी केले की तिचा प्रवाह त्याच प्रमाणात कमी होतो आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. कोणत्याही स्टार्टरचा प्रवाह पाहताना सोबत टॉर्कही पाहायलाच हवा.

डायरेक्ट ऑनलाइन: कागदावर सोपे, या डीपीवर अवघड

डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे डीओएलमध्ये एक कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा स्विच, आणि एक ओव्हरलोड रिले. प्रवाह कमी करणारे स्टार्टरमध्ये काहीच नसते, जे काही रोखले जाते ते डीपी, केबल आणि लाइन यांच्या इम्पीडन्सने. इथे ते इम्पीडन्स मोठे आहे. दिवसाच्या ४०० व्होल्टवर हिशोब केला तर मोटर ७८० ऐवजी ५८० अँपिअर ओढते आणि तिच्या टर्मिनलवर फक्त ३०८ व्होल्ट उरतात. तरीही टॉर्क ८८ टक्के मिळतो, म्हणजे हा पंप सेकंदभरात वेगाला येईल.

अडचण मोटरची नाही, कॉन्टॅक्टरची आहे. त्याची कॉइल त्याच ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालते. कॉन्टॅक्टर ओढला जायला ८५ टक्के व्होल्टेज लागते आणि ७५ टक्क्यांच्या खाली तो केव्हाही सुटू शकतो. ३०८ व्होल्ट म्हणजे ७४ टक्के. तो सुटतो, भार गेल्यावर व्होल्टेज परत येते, तो पुन्हा ओढला जातो, व्होल्टेज पुन्हा पडते. सेकंदात अनेकदा होणारा हा थरथराट ५८० अँपिअर तोडत-जोडत असतो आणि त्यात कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. रात्री ४३३ व्होल्ट असताना तीच मोटर ३३४ व्होल्टवर, म्हणजे ८० टक्क्यांवर उठते आणि कॉन्टॅक्टर टिकतो. म्हणून ‘स्टार-डेल्टा काढून डायरेक्ट केला तर रात्री चालतो, दिवसा थरथरतो’ असा अनुभव येतो. कॉइलला वेगळा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर देऊन उपयोग नाही, कारण तोही त्याच पडलेल्या व्होल्टेजवर असतो.

कमी एचपीला आणि दमदार डीपीवर डीओएल हाच सर्वांत भरवशाचा स्टार्टर आहे. इथे तो बसत नाही, कारण मोटरच्या मानाने पुरवठा अशक्त आहे.

स्टार-डेल्टा: एक तृतीयांश प्रवाह, एक तृतीयांश टॉर्क

डेल्टावर चालणाऱ्या मोटरच्या तीन वायंडिंगची सहा टोके, यू१-यू२, व्ही१-व्ही२ आणि डब्ल्यू१-डब्ल्यू२, बाहेर काढून सुरुवातीला ती स्टारमध्ये जोडतात. प्रत्येक वायंडिंगवर ४१५ ऐवजी २४० व्होल्ट येतात, म्हणजे ५८ टक्के. वायंडिंगचा प्रवाह ५८ टक्के होतो. डेल्टामध्ये लाइनचा प्रवाह वायंडिंगच्या १.७३ पट असतो, स्टारमध्ये दोन्ही सारखेच. म्हणून लाइनवरचा प्रवाह थेट एक तृतीयांश होतो. टॉर्कही एक तृतीयांश.

आपल्या डीपीवर स्टारमध्ये लाइनचा प्रवाह सुमारे २३० अँपिअर येतो आणि टर्मिनलवर ३६५ व्होल्ट टिकतात. कॉन्टॅक्टर शांत राहतो. टॉर्क मात्र सुरुवातीला ४१ टक्के, अधल्यामधल्या वेगाला ३६ टक्के आणि शिखरावर अवघा ६४ टक्के. वेग वाढताना प्रवाह उतरतो, व्होल्टेज थोडे सावरते, त्यामुळे शिखर प्रत्यक्षात जरा वर मिळते.

आता हा टॉर्क पंपाच्या मागणीशी ताडून पाहू. पाइप पाण्याने भरलेला असेल तर वर ४२ मीटरचा दाब उभा असतो आणि पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिटलेला असतो. पंपाचे हेड वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ११३० फेऱ्यांपर्यंत तो व्हॉल्व्ह उघडतच नाही. तोवर पंप बंद व्हॉल्व्हवर फिरतो आणि जेमतेम २६ टक्के टॉर्क मागतो. व्हॉल्व्ह उघडल्यावरही तीन किलोमीटर पाइपातले दोनशे टनांहून अधिक पाणी एकदम हलत नाही. त्याला नेहमीचा वेग यायला पंधरा-वीस सेकंद लागतात. मोटर मात्र दोन-तीन सेकंदांत ९५ टक्के वेगाला पोहोचलेली असते. दुपारी पंप विनातक्रार उचलला जातो तो या पाण्याच्या जडत्वामुळे.

सकाळी पाइप रिकामा असतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या झडपेखाली कचरा अडकलेला किंवा रबर सीट झिजलेली, त्यामुळे रात्रभर पाणी हळूहळू जॅकवेलमध्ये उतरून जाते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह नेहमीप्रमाणे पूर्ण उघडा. समोर दाब नाही, हलवायला जड पाण्याचा स्तंभ नाही. पंप पहिल्या क्षणापासून नेहमीपेक्षा जास्त पाणी फेकू लागतो. असा पंप पूर्ण वेगाला मोटरच्या १०० टक्के टॉर्क मागेल, ६० टक्के वेगालाच तो ३६ टक्के मागतो. स्टारमधली मोटर तिथे तेवढाच देते. दोन्ही जुळतात आणि मोटर ९०० ते ९५० फेऱ्यांवर अडकते.

अँमिटरवर हे उघड दिसते. मोटर नीट उठत असेल तर काटा २३० वरून दोन-तीन सेकंदांत ७० च्या आसपास उतरतो. अडकलेली असेल तर तो २१० च्या आसपास तसाच उभा राहतो. याच अवस्थेत टायमर डेल्टावर टाकतो, मोटर अजून ६० टक्के वेगावर आणि प्रवाह ५४० अँपिअर. डीओएलच्या ५८० मध्ये आणि यात फरक फारसा उरला नाही. स्टार्टरने सगळा धक्का दहा सेकंद पुढे ढकलला, एवढेच.

टायमर वाढवणे हा सर्वांत सहज सुचणारा आणि सर्वांत चुकीचा उपाय आहे. अडकलेल्या मोटरला पंधरा काय नि तीस सेकंद काय, वेग वाढत नाही, फक्त वायंडिंग आणि रोटर तापतो. पाइप भरलेला असतानाही लांब टायमर घातक ठरतो. मोटर तीन सेकंदांत वेगाला येते, पण दहा-बारा सेकंदांत पाणी वेग धरू लागते, मागणी स्टारच्या शिखराला भिडते आणि चढलेला वेग पुन्हा खाली घसरतो. या पंपाला पाच सेकंद पुरेसे आहेत.

ट्रिपचे दुसरे कारण स्टारमधून डेल्टात जाण्याच्या क्षणात आहे. स्टारचा कॉन्टॅक्टर सुटल्यावर डेल्टाचा लागेपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद विराम हवाच. नाहीतर स्टारच्या कॉन्टॅक्टवरची ठिणगी विझायच्या आत डेल्टा लागून फेजा शॉर्ट होतात. या विरामात रोटरमध्ये चुंबकत्व उरलेले असते आणि मोटर स्वतःचे व्होल्टेज तयार करत असते, ते पुरवठ्याच्या मागे पडत जाते. डेल्टा लागताना दोघांत जितका कोन, तितका क्षणिक धक्का मोठा, आणि तो डीओएलच्या प्रवाहालाही मागे टाकू शकतो.

यात जोडणीचा हात असतो. सरळ फेजक्रमात पहिली फेज यू१ आणि व्ही२ वर, दुसरी व्ही१ आणि डब्ल्यू२ वर, तिसरी डब्ल्यू१ आणि यू२ वर घेतली तर डेल्टातले व्होल्टेज स्टारमधल्या व्होल्टेजच्या ३० अंश मागे असते, म्हणजे मागे पडणाऱ्या रोटरच्या बाजूला. टर्मिनल बॉक्समधल्या पितळी पट्ट्यांचा उभा क्रम पाहून यू१ सोबत डब्ल्यू२ जोडले, तरी मोटर त्याच दिशेने फिरते, प्रवाहही ठीक दिसतो, पण डेल्टा ३० अंश पुढे लागतो आणि प्रत्येक बदलाला दणका मोठा होतो. मोटर चालते म्हणून ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. पुरवठा तोडून, मल्टिमीटरने दहा मिनिटांत ती तपासता येते.

याच पॅनेलमध्ये ओव्हरलोड रिलेही पाहावा. तो बहुधा मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वायंडिंगच्या प्रवाहात असतो. तिथे सेटिंग १३० चे ५८ टक्के, म्हणजे ७५ अँपिअर हवे. नेमप्लेट वाचून १३० ठेवलेला रिले मोटर जळेपर्यंत गप्प बसतो.

ऑटोट्रान्सफॉर्मर: टॉर्क निवडता येतो

ऑटोट्रान्सफॉर्मर स्टार्टरमध्ये साधारण ५०, ६५ आणि ८० टक्क्यांचे टॅप, म्हणजे तेवढे व्होल्टेज देणारी टोके असतात. ८० टक्क्यांवर मोटरचा प्रवाह ८० टक्के होतो, पण लाइनवर तो ट्रान्सफॉर्मरच्या गुणोत्तराने आणखी कमी होऊन ६४ टक्के दिसतो. टॉर्कही ६४ टक्के. लाइनचा प्रवाह आणि टॉर्क दोन्ही टॅपच्या वर्गाने एकत्र उतरतात. या नजरेने पाहिले तर स्टार-डेल्टा म्हणजे ५८ टक्क्यांचा कायमचा टॅप, न बदलता येणारा. (सॉफ्ट स्टार्टर ८० टक्के व्होल्टेज देताना लाइनवरही ८० टक्केच ओढतो. अशक्त डीपीवर हा फरक जाणवतो.)

दिवसाच्या ४०० व्होल्टवर, डीपी आणि केबलमधली घट धरून, हिशोब असा येतो:

| पद्धत | लाइनचा प्रवाह (अँपिअर) | स्टार्टरवरचे व्होल्टेज | सुरुवातीचा टॉर्क | शिखर टॉर्क |
|---|---|---|---|---|
| डीओएल | ५८० | ३०८ | ८८% | १३८% |
| ऑटो, ८०% टॅप | ४०५ | ३३८ | ६८% | १०६% |
| ऑटो, ६५% टॅप | २८५ | ३५७ | ५०% | ७८% |
| स्टार-डेल्टा | २३० | ३६५ | ४१% | ६४% |

रिकाम्या पाइपवर उघड्या व्हॉल्व्हने मोटर ९३ टक्के वेगापर्यंत न्यायची तर ८७ टक्के टॉर्क लागतो. ६५ टक्क्यांचा टॅप तिथे कमी पडतो, मोटर पुन्हा वाटेत अडकते. ८० टक्क्यांचा पुरतो. कॉन्टॅक्टरला ३३८ व्होल्ट, म्हणजे ८१ टक्के मिळतात, म्हणून एकदा ओढलेला कॉन्टॅक्टर सुटत नाही. मात्र हे ८५ टक्क्यांच्या खाली आहे. मधल्या टप्प्यात नव्याने ओढल्या जाणाऱ्या कॉन्टॅक्टरला मोटरने वेग धरून व्होल्टेज सावरेपर्यंत टायमरने थांबवावेच लागते.

या स्टार्टरचा खरा फायदा कॉर्नडॉर्फर जोडणीत आहे. सुरुवातीला ऑटोट्रान्सफॉर्मरचा स्टार बिंदू जोडलेला असतो आणि मोटर टॅपवर चालते. वेग आल्यावर आधी स्टार बिंदू उघडतो, तेव्हा वायंडिंगचा वरचा भाग मोटरच्या मालिकेत चोक म्हणून राहतो. मग रन कॉन्टॅक्टर तो भाग ओलांडून मोटर थेट लाइनवर घेतो. मोटर एकदाही पुरवठ्यापासून सुटत नाही, त्यामुळे स्टार-डेल्टातला तो कोनाचा दणका इथे नसतो. मोटरकडे तीनच तारा न्याव्या लागतात, हेही जॅकवेलच्या लांब केबलसाठी सोयीचे.

मर्यादा तापमानाची. हा ट्रान्सफॉर्मर काही सेकंदांसाठी बनवलेला असतो, एकामागोमाग मोजक्याच वेळा चालू करता येतो. रन कॉन्टॅक्टर अडकला आणि मोटर टॅपवरच चालत राहिली तर तो जळतो. म्हणून त्याच्या वायंडिंगमधला थर्मल स्विच कंट्रोल सर्किटमध्ये जोडलेला असलाच पाहिजे. किंमत आणि पॅनेलचा आकार दोन्ही स्टार-डेल्टाहून बरेच मोठे.

इथे काय करायचे

ऑपरेटर जागेवर असतो, म्हणून पॅनेल बदलायची गरज नाही. आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडून झडप साफ करावी, सीट बदलावी. टायमर पाच सेकंदांवर आणावा, विराम ५० मिलिसेकंद आहे का पाहावे, डेल्टाची टोके वर सांगितल्याप्रमाणे फिरवावीत, रिले ७५ वर लावावा.

पाइप रिकामा असण्याची शक्यता असली, म्हणजे हंगामाची पहिली सुरुवात किंवा लांब भारनियमन, तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर उठवावी. डेल्टा लागून काटा स्थिरावला की मिनिटभराच्या आत व्हॉल्व्ह पाव भाग उघडावा, कारण बंद व्हॉल्व्हवर पंपातले पाणी तापते. मग अँमिटर १३० ओलांडणार नाही अशा बेताने पाइप भरू द्यावा. या पाइपात २१० घनमीटर पाणी मावते, तो भरायला पाऊण तास लागतो. तोवर व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर मोटर चालू असतानाही ओव्हरलोडमध्ये जाते. वरच्या टोकाचे एअर व्हॉल्व्ह मोकळे आहेत ना, हे याच वेळी पाहावे.

वीज आली की पंप आपोआप चालू व्हावा, माणूस नसावा, असे संस्थेने ठरवले तर चित्र बदलते. तिथे व्हॉल्व्ह उघडाच राहणार आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कधीतरी पुन्हा गळणार. अशा वेळी ८० टक्के टॅपचा कॉर्नडॉर्फर स्टार्टर घ्यावा. पण तो रिकाम्या पाइपवर मोटर उठवेल एवढेच, त्यानंतरचा पाऊण तास पंप नेहमीपेक्षा जास्त भार ओढत राहील. म्हणून त्याच्यासोबत डिलिव्हरीला मोटरवर चालणारा, हळू उघडणारा व्हॉल्व्हही बसवावा लागतो. तो बसवल्यावर मोटर नेहमी बंद व्हॉल्व्हवरच उठेल, आणि मग तिला जुना स्टार-डेल्टाही पुरेसा आहे. स्टार्टर आणि व्हॉल्व्ह या दोन्हींचे दर मागवताना आधी या व्हॉल्व्हचा मागवावा.